सामायिक फोल्डरांच्या नावांचे परिपत्रक

कार्यालयातील सर्वांनी मिळून वापरायच्या ड्राइव्हवर, म्हणजे बोलीत ज्याला ‘कॉमन’ म्हणतात तिथे, फोल्डरांना नावे कशी द्यायची हे ठरवून देणारे परिपत्रक साधारणपणे एक पानाचे असते. त्यात चार गोष्टी ठरलेल्या असाव्या लागतात: नावातील घटकांचा क्रम, तारीख लिहिण्याची रीत, लिपी आणि लांबी. पाचवी गोष्ट परिपत्रकाच्या मजकुरात क्वचितच दिसते, पण सगळे तिच्यावरच अवलंबून असते. ती म्हणजे वरच्या पातळीवर नवा फोल्डर उघडण्याचा अधिकार कोणाला आहे. हे पाच निर्णय पक्के असले की बाकीचे नियम नसले तरी चालते. ते नसले तर वीस कलमी परिपत्रकही सूचनाफलकावरच पिवळे पडते.

असे परिपत्रक काढण्याची वेळ का येते, ते लेखा विभागाच्या एखाद्या नमुनेदार ड्राइव्हवर नजर टाकली की कळते. नियम नसलेल्या ठिकाणी काही वर्षांत अशी यादी तयार होते:

```
April bills
Audit 2023-2024
Audit 23-24
Bill apr 24
GST
GST final
GST final NEW
New folder (2)
नवीन बिले
साहेबांसाठी
```

प्रत्येक नाव देणाऱ्याला त्या दिवशी अर्थपूर्णच वाटले होते. पण ‘Bill apr 24’ मधला 24 म्हणजे २०२४ साल की एप्रिलची २४ तारीख, हे फोल्डर उघडल्याशिवाय सांगता येत नाही. ‘Audit 23-24’ आणि ‘Audit 2023-2024’ हे एकाच लेखापरीक्षणाचे दोन फोल्डर असून निम्मी कागदपत्रे एकात आणि निम्मी दुसऱ्यात आहेत. ‘नवीन बिले’ त्यातल्या त्यात जुनी आहेत. ‘साहेबांसाठी’ ज्या साहेबांसाठी उघडला होता त्यांची बदली झाली, फोल्डर मात्र टेबलावरच राहिला. GST च्या तिघांपैकी खरा कोणता हे शोधण्यासाठी लोक फोल्डरसमोर दिसणारी ‘बदल केल्याची तारीख’ पाहतात, आणि तिथे फसतात. विंडोजमध्ये फोल्डरची ही तारीख त्याच्या थेट आत एखादी नोंद वाढली, कमी झाली किंवा तिचे नाव बदलले की बदलते. आतल्या उपफोल्डरमध्ये काल संध्याकाळी काम झाले असले तरी वरच्या फोल्डरवर दोन वर्षांपूर्वीची तारीख दिसू शकते. म्हणजे संगणक देतो ती तारीख पुरेशी नाही, नावातच काळ लिहावा लागतो.

पहिला निर्णय क्रमाचा. फोल्डरांची उतरंड विभाग, विषय, आर्थिक वर्ष आणि प्रकरण अशी ठेवायची, की वर्ष सर्वांत वर आणि त्याखाली विषय? दोन्ही पद्धती चालतात आणि दोन्हींचे समर्थक प्रत्येक कार्यालयात सापडतात. वर्ष वर ठेवले की ३१ मार्चनंतर अख्खा फोल्डर उचलून जुन्या दप्तरात टाकता येतो. लेखापरीक्षकाला तेच सोयीचे, कारण तो वर्ष घेऊन बसतो. पण रोजचे काम करणारा लिपिक विषय घेऊन बसतो. त्याला मागच्या वर्षीचे वीजबिल आणि यंदाचे वीजबिल शेजारी हवे असते, आणि वर्ष वर असेल तर दोन्हीकडे जाण्यासाठी त्याला प्रत्येक वेळी पूर्ण जिना उतरून पुन्हा चढावा लागतो. शिवाय मालमत्ता, करारनामे, सेवापुस्तके यांसारखे विषय वर्षात मावतच नाहीत. म्हणून विषय वर आणि वर्ष त्याखाली, हीच मांडणी बहुतेक कार्यालयांना सोयीची पडते. मात्र एकदा निवडलेला क्रम सर्व विभागांना सारखा लागू हवा. आस्थापनेने एक आणि लेख्याने दुसरा धरला, तर एका टेबलावरून दुसऱ्यावर गेलेल्या माणसाला सारे नव्याने शिकावे लागते.

व्यक्तीच्या, टेबलाच्या किंवा पदाच्या नावाचा फोल्डर नको, हा नियमही याच कलमात बसतो. माणसे बदलतात, टेबलांची फेरवाटणी होते, काम मात्र तेच राहते. याच ओघात ‘संकीर्ण’चाही विचार करावा लागतो. कागदी दप्तरात संकीर्ण नस्ती असायचीच, आणि तीच सर्वांत जाड असायची. संगणकावर जाडी दिसत नाही, त्यामुळे ‘इतर’, ‘Misc’ आणि ‘New folder’ निवांत फुगत जातात. संकीर्णवर सरसकट बंदी घातली तर लोक तेच दुसऱ्या नावाने उघडतात. त्यापेक्षा प्रत्येक विभागात एकच संकीर्ण ठेवायला परवानगी द्यावी आणि तिमाहीच्या शेवटी ते रिकामे करण्याची जबाबदारी एका माणसावर टाकावी.

दुसरा निर्णय तारखेचा, आणि संगणकाच्या दृष्टीने हाच सर्वांत महत्त्वाचा. आपल्याकडे तारीख दिवस, महिना, वर्ष अशी लिहितात. संगणक मात्र नावे डावीकडून एकेक चिन्ह पाहत लावतो. त्यामुळे 01-04-2025, 01-05-2024 आणि 02-04-2025 ही नावे याच क्रमाने लागतात: आधी सगळ्या महिन्यांच्या आणि वर्षांच्या पहिल्या तारखा, मग दुसऱ्या. तीच तारीख 2025-04-01 अशी, मोठ्या एककाकडून लहानाकडे लिहिली, की नावांचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो. ISO 8601 हे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले, आणि त्यात हीच रीत आहे. महाराष्ट्रातील कर्मचाऱ्यांना ती अगदीच अनोळखीही नाही. राज्याच्या शासन निर्णयांच्या शेवटी जो १८ आकडी संकेतांक छापलेला असतो, त्याची सुरुवात वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने होते.

महिन्यांच्या नावांनी तर गोंधळ आणखी वाढतो. इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे लावले की April नंतर August येतो आणि त्यानंतर December. यावर तोडगा म्हणून काही जण ‘01 April’, ‘02 May’ असे क्रमांक देतात, कारण आर्थिक वर्ष एप्रिलपासून सुरू होते. मग आस्थापना विभागातला माणूस 01 म्हणजे जानेवारी समजतो. 2025-04 पासून 2026-03 पर्यंत सरळ लिहिले तर आर्थिक वर्षाचे बाराही महिने आपोआप योग्य क्रमाने लागतात आणि कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही.

इथे जुन्या फोल्डरांबाबत एक खाचखळगा आहे. 2011-12 म्हणजे २०११-१२ हे आर्थिक वर्ष की डिसेंबर २०११? 2008-09 म्हणजे वर्ष की सप्टेंबर? २०००-०१ ते २०११-१२ या बारा आर्थिक वर्षांच्या नावांत ही संदिग्धता आहे. पुढच्या वर्षांत ती उरत नाही, कारण तेरावा महिना नाही. जुने दप्तर त्याच ड्राइव्हवर ठेवणाऱ्या कार्यालयांनी म्हणून आर्थिक वर्षाच्या आधी FY ही अक्षरे लावावीत. ज्यांचे सगळे काम अलीकडचे आहे, त्यांना त्याची गरज नाही.

तारखेबरोबरच पत्रांच्या जावक क्रमांकाचाही प्रश्न येतो. ‘जा.क्र./लेखा/१२/२०२५’ असा क्रमांक पत्रावर शोभतो, पण फोल्डरला जसाच्या तसा देता येत नाही. विंडोजमध्ये नावात नऊ चिन्हे चालत नाहीत:

```
\ / : * ? " < > |
```

त्यातली तिरपी रेघ कार्यालयीन क्रमांकात सतत लागते. नाव टाइप करताना संगणक अडवतो, मग कोणी तिच्या जागी आडवी रेघ देतो, कोणी खालची रेघ, कोणी काहीच नाही. एकाच पत्राचे तीन अवतार होतात आणि शोध घेताना तिघांपैकी एकच सापडतो. परिपत्रकाने एकच वाक्य लिहावे: क्रमांकातील तिरप्या रेघेच्या जागी आडवी रेघ, आणि नावाचे दोन घटक वेगळे करण्यासाठी खालची रेघ. मोकळी जागा टाळावी, कारण ईमेलमध्ये ड्राइव्हवरचा पत्ता नुसता टाइप करून पाठवला तर पहिल्या मोकळ्या जागेशीच त्याची लिंक तुटते आणि समोरच्याला ‘सापडत नाही’ असे उत्तर मिळते.

तिसरा निर्णय लिपीचा. आजच्या संगणकांना देवनागरी नावे चालतात, आणि काम मराठीत होत असेल तर नावे मराठीत असण्यात गैर काही नाही. अडचण येते ती डोळ्याला न दिसणाऱ्या फरकांमुळे. ‘कर्मचाऱ्यांची रजा’ हेच नाव घ्या. त्यातला अर्धचंद्री र दोन प्रकारे टाइप होतो. एका पद्धतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग य असतो. दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग य. कीबोर्ड किंवा टाइप करण्याचे साधन बदलले की पद्धत बदलते. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ते वेगळे आहेत. परिणामी एकाच ठिकाणी, एकाखाली एक, अगदी सारख्या नावाचे दोन फोल्डर उघडता येतात, आणि एका पद्धतीने टाइप केलेल्या शब्दाने शोधले तर दुसऱ्या पद्धतीचा फोल्डर हाती लागेलच असे नाही. असे जुळे फोल्डर दिसले की हेच कारण आधी तपासावे. एका फोल्डरचे नाव कॉपी करून दुसऱ्याला देऊन पाहिले आणि संगणकाने ‘या नावाचा फोल्डर आधीच आहे’ अशी हरकत घेतली, म्हणजे दोन्ही नावे खरोखर वेगळी होती. आकड्यांचेही तसेच: 2025 आणि २०२५ ही संगणकासाठी वेगवेगळी चिन्हे आहेत.

रोमन लिपीत जाऊन हा प्रश्न पूर्ण सुटत नाही. परवानगी हा शब्द कोणी parvangi लिहितो, कोणी paravangi, कोणी parwanagi. वरच्या तीन पातळ्यांसाठी ठरलेले, छोटे रोमन संकेत आणि 0 ते 9 हेच आकडे वापरावेत. हे संकेत मनाने लिहायचे नसून यादीतून उचलायचे असतात, त्यामुळे स्पेलिंगचा वाद उरत नाही. सर्वांत खालच्या प्रकरणाच्या फोल्डरला कार्यालयाने रोमन किंवा देवनागरी यांपैकी एक ठरवून द्यावी.

चौथा निर्णय लांबीचा, आणि तो सर्वांत जास्त दुर्लक्षित. विंडोजमध्ये परंपरेने ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या शेवटच्या अक्षरापर्यंतच्या पूर्ण पत्त्याला २६० चिन्हांची मर्यादा आहे. २०१६ पासून विंडोज १० मध्ये ती शिथिल करण्याची सोय आली, तरी अनेक प्रोग्राम अजून तीच मर्यादा पाळतात. एक्सेल तर त्याहून काटेकोर आहे: पूर्ण पत्ता २१८ चिन्हांच्या पुढे गेला की फाइल उघडायला नकार देते. नावे वाक्यासारखी लिहिण्याची सवय असेल तर पाच पातळ्यांत हा आकडा सहज गाठला जातो. देवनागरीत तो आणखी लवकर गाठला जातो, कारण काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. ‘कर्मचाऱ्यांची’ हा शब्द वाचताना पाच अक्षरांचा वाटतो, संगणक त्यात तेरा चिन्हे मोजतो. लिनक्सवर चालणाऱ्या साठवण-यंत्रांत एका नावाची मर्यादा बहुधा २५५ बाइटची असते, आणि तिथे देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे एका नावात जेमतेम ८५ चिन्हे.

या मर्यादेचा त्रास विचित्र रीतीने दिसतो. एका कर्मचाऱ्याच्या संगणकावर ड्राइव्ह थेट लेखा विभागाच्या आतल्या फोल्डरवर जोडलेला असतो. त्याच्या दृष्टीने पत्ता आखूड असल्याने तो लांब नावाची फाइल सुखाने साठवतो. दुसऱ्याच्या संगणकावर तोच ड्राइव्ह वरून जोडलेला असतो, पत्ता चार पातळ्यांनी वाढतो आणि तीच फाइल उघडत नाही. दोघेही खरे बोलत असतात आणि दोष संगणकावर जातो. परिपत्रकात संपूर्ण पत्ता २०० चिन्हांच्या आत ठेवण्याची सूचना असावी. त्याहून सोपे म्हणजे एका फोल्डरच्या नावाला २५ चिन्हांची आणि उतरंडीला चार पातळ्यांची मर्यादा घालावी. दोनशेपर्यंत मोजत बसायला कोणालाच वेळ नसतो.

सध्याचे पत्ते किती लांब आहेत हे परिपत्रक काढण्याआधीच तपासता येते. संगणकाचे काम पाहणाऱ्याने सर्व फोल्डरांची यादी एका फाइलमध्ये उतरवून घ्यावी:

```
chcp 65001
dir /s /b /ad Z:\ > C:\temp\yadi.txt
```

पहिली ओळ गाळली तर देवनागरी नावांच्या जागी यादीत प्रश्नचिन्हांच्या रांगा येण्याचा संभव असतो. ही यादी एक्सेलमध्ये घेऊन शेजारच्या रकान्यात `=LEN(A1)` हे सूत्र ओढले की प्रत्येक पत्त्याची लांबी दिसते. हीच यादी पुढे जुने नाव आणि नवे नाव यांचा तक्ता करायलाही लागते.

आता परिपत्रकाचा मजकूर. विषय, दिनांक आणि परिपत्रक क्रमांकानंतर गाभा इतकाच पुरतो:

“सर्व विभागांतील अधिकारी व कर्मचारी यांना कळविण्यात येते की, दिनांक १ एप्रिलपासून Z: ड्राइव्हवरील प्रत्येक नवीन फोल्डरला सोबतच्या परिशिष्ट-अ मधील संकेत वापरूनच नाव द्यावे. फोल्डरांचा क्रम विभाग, विषय, आर्थिक वर्ष व प्रकरण असा राहील. प्रकरणाच्या फोल्डरच्या सुरुवातीस वर्ष व महिना लिहावा. नाव २५ चिन्हांपेक्षा मोठे नसावे व त्यात मोकळी जागा नसावी. परिशिष्टात नसलेल्या विषयासाठी विभागप्रमुखांमार्फत अभिलेख लिपिकाकडे मागणी करावी. जुन्या फोल्डरांची नावे कर्मचाऱ्यांनी स्वतः बदलू नयेत. ती परिशिष्ट-ब मधील तक्त्यानुसार बदलण्यात येतील.”

यानंतर एक उदाहरण हवेच, कारण कर्मचारी नियम वाचत नाहीत, नमुना पाहून तसे करतात:

```
Z:\LEK\DEY\2025-26\2025-07_vij-bil
```

LEK म्हणजे लेखा विभाग, DEY म्हणजे देयके, त्यानंतर आर्थिक वर्ष आणि मग जुलै २०२५ चे वीजबिल. नावासह सारा पत्ता पस्तिसाच्या आत बसतो. परिशिष्ट-अ मध्ये असे संकेत आणि त्यांचे अर्थ असतात. विभागागणिक विषय दहा-बाराच्या पुढे जाऊ लागले, तर फोल्डरऐवजी फाइलींना विषय मानण्याची चूक होते आहे असे समजावे.

परिशिष्ट-ब हा नेटका वाटणारा, पण खऱ्या कष्टाचा भाग. वरच्या यादीतील ‘Bill apr 24’ उघडून आतल्या बिलांवरच्या तारखा पाहिल्याशिवाय तो `2024-25\2024-04` मध्ये जाईल की आणखी कुठे, हे ठरत नाही. ‘Audit’चे दोन्ही फोल्डर एकत्र करताना सारख्या नावाच्या फाइली एकमेकींवर उमटणार नाहीत, हे फाइलगणिक पाहावे लागते. संगणकाने ‘बदलू का?’ विचारले आणि घाईत ‘सर्व बदला’ दाबले, तर जुनी प्रत नवीवर बसते. GST च्या तिघांचा निकाल फोल्डरच्या तारखेवर नाही, तर आतल्या फाइलींवर लागतो. आणि ‘साहेबांसाठी’मधील कागद बहुधा दुसरीकडे असलेल्या कागदांच्या प्रती निघतात.

नावे बदलण्याचे काम कचेरी बंद असताना करावे. आतली एखादी फाइल कुणी उघडून ठेवली असेल तर संगणक त्या फोल्डरचे नाव बदलू देत नाही, आणि काम अर्धवट राहते. बदलानंतर डेस्कटॉपवरचे शॉर्टकट, जुन्या ईमेलमधल्या लिंक आणि दुसऱ्या फोल्डरमधील फाइलींशी जोडलेल्या एक्सेलच्या शीट निकामी होतात. शेवटचा प्रकार घातक आहे, कारण शीट उघडते, आकडेही दिसतात, पण ते शेवटच्या वेळी जोडणी चालू असतानाचे असतात. अर्थसंकल्प, वेतन किंवा ताळेबंदाच्या अशा जोडलेल्या शीट कुठे आहेत हे प्रत्येक विभागाकडून आधीच लिहून घ्यावे आणि नामांतरानंतर त्या एकेक उघडून जोडणी दुरुस्त करावी.

राहिला अधिकाराचा प्रश्न. विंडोजच्या सर्व्हरवर फोल्डरचे नाव बदलायला तो पुसण्याचा अधिकार लागतो. ज्याला नाव बदलता येते त्याला फोल्डर उचलून शेजारच्या फोल्डरमध्ये नकळत टाकताही येते. ‘फोल्डर गायब झाला’ अशा अनेक तक्रारींत तो माउस घसरून शेजारच्या फोल्डरमध्ये गेलेला सापडतो. विभाग, विषय आणि वर्ष या तीन पातळ्यांवर कर्मचाऱ्यांना फक्त पाहण्याचा अधिकार ठेवावा आणि वर्षाच्या फोल्डरच्या आत सर्व अधिकार द्यावेत. मग चुकीच्या नावाचा फोल्डर वरच्या पातळीवर उघडणारच नाही आणि परिपत्रकाची आठवण करून देणारी स्मरणपत्रेही काढावी लागणार नाहीत. नव्या आर्थिक वर्षाचे फोल्डर मार्चच्या अखेरच्या आठवड्यात अभिलेख लिपिकाने सर्व विभागांसाठी एकदम उघडून ठेवावेत. नाहीतर १ एप्रिलला लोक मागच्या वर्षाच्याच फोल्डरमध्ये काम सुरू करतात आणि दिवाळीपर्यंत तसेच चालू ठेवतात.

संकेतांची यादी जिवंत ठेवावी लागते. नव्या विषयाची मागणी आली की अभिलेख लिपिक ती यादीत आधीच बसते का हे पाहतो. नसेल तर संकेत देतो, तारीख लिहितो आणि यादीची नवी प्रत ड्राइव्हच्या मुळाशी ठेवतो. दोन विभाग एकत्र आले तरी जुना संकेत दुसऱ्या विषयाला पुन्हा देऊ नये, कारण जुन्या वर्षांच्या फोल्डरांवर तो मूळच्याच अर्थाने राहतो. बंद झालेला संकेत यादीतून न खोडता त्यापुढे बंद केल्याची तारीख लिहावी.